सत्तर चौकटींचा निरोप

कळव्याच्या बाजारातून खारेगावाकडे वळलं की एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर मधुमेहाचा धर्मादाय दवाखाना लागतो. दारातून आत गेल्यावर पहिलं टेबल रुपालीचं. नाव लिहून घेणं, केसपेपर काढणं, नंबर लावणं आणि पेशंटचा राग पहिल्यांदा झेलणं, ही सगळी तिची कामं. रुपाली केणी माहेरची भोपरची, सासर खारेगावात. नवरा मितेश खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक. घरी सासू सखुबाई. दवाखान्यात लागून तिला सहा वर्षं झाली होती आणि या सहा वर्षांत तिच्या अक्षराचं कौतुक सगळ्यांनी केलं होतं. पण तिनं लिहिलेल्या मजकुराचं कौतुक कुणी करावं, अशी वेळच आली नव्हती.

मजकुराचं आणि तिचं शाळेपासून वाकडं. डोंबिवलीच्या शाळेत ती भोपरहून चालत जायची. घरी सगळे आगरी बोलायचे, त्यामुळे तिच्या तोंडी ‘पानी’ आणि ‘गोली’ यायचं आणि वर्गात खसखस पिकायची. तेव्हा तिनं एक युक्ती काढली. कमी बोलायचं, कमी लिहायचं. निबंध सात-आठ ओळींच्या वर जाऊच द्यायचा नाही. चुका तेवढ्याच कमी. मराठीच्या बाई वही परत करताना म्हणायच्या, “अगं, हात आखडता घेऊन लिहितेस तू.” आणि विसरलेल्या प्रत्येक पूर्णविरामाला अर्धा गुण कापायच्या. पूर्णविराम तेवढा तिच्या अंगी भिनला. किराण्याच्या यादीतसुद्धा ती वाक्य संपवून टिंब द्यायची.

दवाखान्यात तीन महिन्यांनी होणाऱ्या रक्ततपासणीची आठवण आधी फोनवरून केली जायची. पेशंट वाढले, फोन करता करता रुपालीचा घसा बसायला लागला, तेव्हा डॉ. मैथिली सहस्रबुद्धे यांनी ठरवलं, की आदल्या दिवशी मेसेज पाठवायचा. व्हॉट्सॲप नको, कारण अर्ध्याहून जास्त पेशंटांकडे बटणांचे फोन. दवाखान्याच्या मोबाईलवरून साधा मेसेज. मजकूर डॉक्टरांनी स्वतः लिहून दिला:

“नमस्कार. कळविण्यास आनंद होतो की उद्या सकाळी ठीक आठ वाजता आपली रक्ततपासणी नियोजित आहे. कृपया उपाशीपोटी उपस्थित राहावे. तपासणीपूर्वी मधुमेहाची गोळी घेऊ नये. धन्यवाद.”

डॉक्टरांचं मराठी असंच, धुतलेल्या कपड्यासारखं. रुपालीला ते ऐकायला आवडायचं. पहिल्या दिवशी तिनं चाळीस जणांना हा मजकूर पाठवायला घेतला आणि चौतिसाव्या नावाशी फोन अडला. दुसऱ्या दिवशी उरलेल्या लोकांपैकी एक बाई चहा-बिस्कीट खाऊन आल्या, दोघं आलेच नाहीत.

रक्त घेणारा सलिल फोन-बिनच्या बाबतीत दवाखान्यातला शहाणा. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, “ताई, दिवसाला शंभर मेसेज मिळतात आपल्या प्लानमध्ये. तुमचा एक मेसेज म्हणजे तीन होतात.”

“एकच तर पाठवला.”

“इंग्रजीत एकात एकशे साठ अक्षरं बसतात. आपल्या लिपीत फक्त सत्तर. त्याच्या वर गेलं की तुकडे पडतात, आणि मग एका तुकड्यात सदुसष्टच, कारण तुकडे परत जोडायची खूण ठेवायला थोडी जागा जाते. लांब मजकूर तीन तुकड्यांत गेला. चौतीस त्रिक किती झाले बघा.”

मग त्यानं मोजायचं कसं ते दाखवलं. डोळ्याला दिसणारं अक्षर मोजायचं नाही. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, जोडाक्षरात पाय मोडला की तो मोडलेला पायसुद्धा वेगळा. ‘स्त्री’ दिसते एक, भरते सहा. दोन शब्दांमधली मोकळी जागाही मोजायची आणि टिंबही. रुपालीनं चौकटीची वही आणली आणि एकेका चौकटीत एकेक खूण मांडत बसली. कमी लिहिण्याची तिची शाळेतली सवय पहिल्यांदा उपयोगाची ठरत होती. ‘नमस्कार’ गेला, आनंद गेला, ‘कृपया’ गेलं. ‘सकाळी’चा ‘स.’ झाला. दोन दिवस खाडाखोड करून मजकूर असा उरला:

“उद्या स. ८ ला उपाशीपोटी रक्त तपासणीस या. येण्याआधी शुगरची गोळी घेऊ नका”

तिनं दोनदा मोजलं. बरोबर सत्तर. डॉक्टर वाचून म्हणाल्या, “थोडं रुक्ष झालं, पण स्पष्ट आहे. मला हे जमलं नसतं.”

तो दिवस रुपालीचा छान गेला. टेबलावर येऊन तिनं मजकूर मोबाईलमध्ये जपून ठेवला आणि ठेवता ठेवता दिसलं, की शेवटी पूर्णविराम राहिलाय. तिनं तो दिला.

मेसेज जाऊ लागले. पाठवताना कोपऱ्यात ६३/२ असा काहीतरी आकडा यायचा. तिनं तो पाहिला होता, पण चाळीसच्या चाळीस मेसेज जात होते, कुठे अडत नव्हतं, म्हणून विचारलं नाही. पेशंट उपाशी येत होते, गोळी न घेता येत होते. दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं.

तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी आठ वाजता बाकावर धाकू भोईर येऊन बसले. सत्तरीच्या पुढचे, अंगानं वाळलेले. तरुणपणी खाडीकाठच्या मिठागरात राबलेले. वेळेच्या आधी यायचं, कोपऱ्यात बसायचं आणि नंबर आला की उठायचं, एवढंच त्यांचं दवाखान्यातलं वागणं. त्या दिवशी नंबर पुकारला तरी ते उठले नाहीत. रुपालीनं मान वर करून पाहिलं. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता, कपाळावरून घाम ओघळत होता आणि मांडीवर ठेवलेला हात थरथरत होता.

“धाकूकाका?”

“काय नाय. जरा भोवंड आली.”

तिनं सलिलला हाक मारली. त्यानं बोटाला सुई टोचून यंत्रावर थेंब लावला. साखर सेहेचाळीस, फारच कमी. डॉक्टर आतून धावत आल्या, धाकूकाका शुद्धीवर आहेत, गिळतायत, हे पाहिलं आणि साखर घातलेलं पाणी स्वतः त्यांच्या तोंडाशी धरलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा थेंब. आकडा चढला होता. मग बिस्किटं, मग शेजारच्या हॉटेलातून मागवलेली इडली. काकांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला.

“सकाळी गोळी घेतलीत का?” डॉक्टरांनी विचारलं.

“घेतली ना.”

“आणि खाल्लं काही?”

“उपाशी या सांगलात. मंग खानार कसा?”

“अहो, पण गोळी घेऊ नका असंही सांगितलं होतं.”

धाकूकाका भांबावले. खोटं पकडलं गेल्यावर माणूस भांबावतो तसे नाही. आपण नीट ऐकलं असूनही चूक आपलीच निघणार, याची सवय असलेला माणूस भांबावतो तसे. खिशातून त्यांनी आपला फोन काढला आणि रुपालीच्या हातात दिला. “तू बग. चौथी शिकलोय मी. वाचता येतं मना.”

रुपालीनं वाचलं. उद्या स. ८ ला उपाशीपोटी रक्त तपासणीस या. येण्याआधी शुगरची गोळी घेऊ. पुढे काही नव्हतं.

“घेऊ म्हंजे घ्या,” काका समजावून सांगू लागले. “त्या मोठ्या हास्पिटलात नर्सबाय बोलतात ना, आता आपन गोली घेऊ हां, तसा. मना वाटला, आदबीनं लिवलाय.”

सलिलनं फोन घेतला. मेसेजची जागा काठोकाठ भरलेली होती. बिनव्याजी कर्ज, लॉटरी, रिचार्ज, असलं सगळं. त्यानं त्यातले चार-पाच पुसून टाकले. थोड्या वेळानं फोन त्याच्या हातातच किणकिणला. दवाखान्याच्या नंबरावरून नवा मेसेज आला होता. त्यात एकच शब्द होता.

“नका.”

सलिल हळू आवाजात म्हणाला, “दोन तुकडे झाले होते. नव्या फोनवर जोडून दिसतात. यांचा जुना आहे, आणि दुसऱ्या तुकड्याला जागाच नव्हती.”

“पण सत्तर होते,” रुपाली म्हणाली. “मी दोनदा मोजले.”

तिनं वही उघडली. सत्तर चौकटी भरलेल्या होत्या आणि सत्तराव्या चौकटीत ‘नका’चा काना होता. त्यापुढे टिंब नव्हतं. मग तिला मोबाईलवर शेवटी टिंब दिल्याची आठवण झाली. सत्तर असतं तर अख्खा मेसेज एकातच गेला असता. एकाहत्तर झाले, म्हणून पहिल्या तुकड्यात सदुसष्ट राहिले आणि शेवटचे चार मागे पडले. न, क, काना आणि तिनं दिलेलं टिंब.

तिनं ते डॉक्टरांना सांगितलं. लपवायचं म्हटलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. सगळ्यांनी फोनला दोष दिला असता. पण धाकूकाका समोर बसून इडली खात होते.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी काकांना दुपारपर्यंत थांबवून घेतलं, कारण ती गोळी साखर पुन्हा खाली ओढू शकते. दर तासाला थेंब तपासला. बारा वाजता काकांचा मुलगा सुदेश न्यायला आला, तेव्हा डॉक्टरांनी बाहेर येऊन त्याला जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाल्या, “चूक आमच्याकडून झाली.” सुदेशनं काकांना हाताला धरून उठवलं. मग एवढंच म्हणाला, “मॅडम, ते तुमचं लिहिलेलं मोडत नाहीत. म्हणून जपून लिहा.”

दुपारी पेशंट पांगल्यावर डॉक्टर म्हणाल्या, “ते टिंब काढून टाक. सत्तरात बसेल. झालं.”

रुपालीनं मान हलवली, पण टेबलाशी आल्यावर तिला ते पटेना. टिंब काढलं तरी साडेआठला बोलावलेल्या पेशंटांच्या तुकडीला ८.३० लिहिलं की तीन चौकटी वाढणार. पुन्हा तेच. आणि समजा मावलं सत्तरात, तरी स्मार्टफोनवाला पडद्यावर आलेली पहिली ओळ वाचतो नि खिशात टाकतो. मुद्दा टिंबाचा नव्हताच. सगळ्यात धोक्याची गोष्ट सगळ्यात शेवटी बसली होती, आणि आपल्या भाषेत ‘नका’ शेवटीच येतं. तोवर वाक्य उलटंच सांगत असतं.

संध्याकाळी घरी सखुबाई ओट्यावर जवळा निवडत बसल्या होत्या. रुपालीनं शेजारी बसून घडलेलं सगळं सांगितलं. सासूचं शिक्षण नव्हतं, पण खारेगावातून ठाण्याच्या बाजारात मासळी नेऊन त्यांनी पाच माणसांचं घर चालवलं होतं, दहा जणांना कामं सांगितली होती.

“आई, तुम्ही धाकूकाकांना सांगितलं असतं तर कसं सांगितलं असतं?”

सखुबाईंनी जवळ्यातला काडीकचरा बाजूला केला. “नको काय करू ते कशाला सांगू? काय करायचा ते सांगते. पयला रगत द्यायचा, मंग खायाचा, मंग गोली. मानूस नको-नको ध्यानात ठेवत नाय. काय आदी नि काय नंतर, ते ठेवतो.”

रुपाली उठली आणि वही घेऊन आली. आत्तापर्यंत तिनं डॉक्टरांच्या मजकुरातले शब्द काढून टाकले होते. वाक्यं मात्र त्यांचीच राहिली होती. आता तिनं कोऱ्या पानावर सुरुवात केली. आधी रक्त, मग नाश्ता, मग गोळी. हे वाक्य कुठेही तुटलं तरी कुणाचं वाईट होणार नव्हतं. ‘आधी रक्त’ एवढंच पोचलं तरी बस. शाळेत ज्या बोलीला हसले, तिच्यातूनच ते आलं होतं, हे तिच्या ध्यानात आलं. पण त्याचा अभिमान बाळगायचं धाडस तिला त्या दिवशी झालं नाही.

सकाळी तिनं तो मजकूर डॉक्टरांपुढे ठेवला. डॉक्टरांनी दोन शंका काढल्या आणि दोन्ही खऱ्या होत्या.

“नुसतं गोळी लिहिलंस तर प्रेशरचे पेशंट त्यांची ती गोळीही घ्यायची ठेवतील. शुगरची म्हणायला हवं. आणि काहींची गोळी नाश्त्याच्या जरा आधी असते. त्यांना मग नाश्ता, मग गोळी हे चुकीचं सांगितल्यासारखं होईल.”

“मग नाश्ता व शुगरची गोळी असं लिहिते. क्रम ज्याचा त्याला माहीत आहे.”

“चालेल. आणि उद्या?”

“उद्या काढून टाकते,” रुपाली म्हणाली. “फोन बंद असला नि मेसेज दुसऱ्या दिवशी उघडला, तर उद्याचा परवा होतो. वार आणि तारीख दोन्ही लिहिते.”

शुक्रवार सगळ्या वारांत मोठा, आठ चौकटी. तिनं तोच धरून मोजलं. बारा तारखेला ‘ता.’ लावावंच लागत होतं, नाहीतर कुणी बारा वाजता आला असता. ‘सकाळी’ मात्र तिला अख्खा हवा होता. साडेआठ लिहिलं की बहात्तर व्हायचे.

“मॅडम, साडेआठची तुकडी नऊला केली तर?”

डॉक्टर हसल्या. “दोन अक्षरांसाठी दवाखान्याची वेळ बदलू?”

“तीन,” रुपाली म्हणाली.

वेळ बदलली. मजकूर ठरला:

“उपाशी या. आधी रक्त, मग नाश्ता व शुगरची गोळी. शुक्रवार ता. १२, सकाळी ८”

एकोणसत्तर. शेवटी टिंब नाही. ते न देताना तिचं बोट क्षणभर घुटमळलं. आता पाठवायच्या आधी ती कोपऱ्यातला आकडा बघू लागली. तिरक्या रेघेपुढे एक, म्हणजे एकच तुकडा आहे ना, हे पाहिल्याशिवाय पुढे जायची नाही.

पण तेवढ्यावर ती थांबली नाही. नवा मजकूर तिनं आधी बाकावर नेला. जो बसला असेल त्याच्या हातात मोबाईल द्यायचा आणि विचारायचं, “हे वाचून तुम्ही काय कराल?” समजलं का, असं विचारायचं नाही, त्याला सगळे हो म्हणतात. काय कराल, एवढंच. पुढच्या तपासणीला धाकूकाका आले तेव्हा ते तिला वाचून दाखवायला आपण होऊन पुढे झाले. एक-एक शब्दावर बोट ठेवत त्यांनी वाचलं आणि म्हणाले, “रगत देईन, मंग भाकर, मंग गोली. गोली खिशात हाय बग, संगं आनलीय.” गोळी सोबत आणायची, हे मेसेजात नव्हतं. ते त्यांनी स्वतःहून केलं होतं.

डॉक्टरांनी मग औषधाच्या आठवणीचे मेसेजही तिच्याकडे दिले. आठवड्यातून एकदाच घ्यायची व्हिटॅमिनची गोळी होती. रुपालीनं पहिल्यांदा लिहिलं, ‘आठवड्याला १ गोळी’. मितेशनं घरी वाचताना तो एक चक्क नऊ वाचला. डेपोतल्या पाट्यांवर, रजिस्टरात सगळीकडे इंग्रजी आकडे, डोळ्याला तेच वळण. तिनं आकडा काढून ‘एक’ लिहिलं. एक चौकट जास्त गेली. पुढे तिनं ‘आठवड्याला’ही काढलं आणि ‘फक्त रविवारी एक गोळी’ केलं, कारण आठवडा कधी सुरू झाला हे माणूस विसरतो, रविवार विसरत नाही.

असं करता करता वहीची बरीच पानं भरली. दवाखान्यात येणारे तरुण डॉक्टर तिला विचारू लागले, की हे कसं बसवायचं. ती बसवून द्यायची. तिच्या टेबलाची जागा बदलली नाही, पगारही फारसा नाही. पण आता डॉक्टर मजकूर लिहायच्या आधी तिला बोलवायच्या, लिहून झाल्यावर नव्हे.

एका दुपारी डॉ. मैथिली एक कागद घेऊन बाहेर आल्या. साठीच्या रंगूबाईंच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता. इन्सुलिन सकाळचं कमी करून दहा करायचं, रात्रीचं चौदाच ठेवायचं आणि दोन दिवस साखर खाली गेली तर कळवायचं, असं त्यावर लिहिलं होतं.

“हे जरा बसव बरं सत्तरात. आजच पाठवायचंय.”

रुपालीनं कागद वाचला. वही उघडली, पेन्सिल हातात घेतली. ‘सकाळी’ लिहिलं, आकडा लिहिला, मग थांबली. आकडे दोन, वेळा दोन, एक कमी होतोय नि एक तसाच राहतोय ते वेगळं, आणि जर-तर. बसवता आलं असतं. ‘स. १० रा. १४’ असं काहीतरी बसलंच असतं, अजून निम्म्या चौकटी उरल्या असत्या.

तिनं पेन्सिल खाली ठेवली. “मॅडम, हे मेसेजमध्ये नको.”

“बसत नाही?”

“बसेल. पण मला कळणार नाही की त्यांनी काय वाचलं.”

डॉक्टरांनी मान डोलावली. रुपालीनं टेबलावरचा फोन ओढला, नंबर लावला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली.

“रंगूमावशी, दवाखान्यातून रुपाली बोलतेय. हातात पेन घ्या. नाही, घाई नाही, शोधा तुम्ही, मी थांबते. आणि मी सांगेन ते झाल्यावर तुम्ही मला परत वाचून दाखवायचं.”